चौथ्या लेनमधली पट्टी

"चिकटतंय गं, पण कशालाही चिकटतंय! असलं प्रथिन घेऊन मी काय करू?" असं म्हणत बाईंनी माझ्या जेलचा फोटो टेबलावर असा आपटला की पेनांचा डबाच आडवा झाला.

बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. पाच वर्षं मी त्यांच्या हाताखाली पीएचडी करतेय आणि पाच वर्षांत त्या माझ्याशी एक वाक्य सरळ बोलल्याचं आठवत नाही. पलीकडच्या खुर्चीत लाडोबा पायावर पाय टाकून बसला होता. हे नाव मी ठेवलंय. बाईंच्या प्रयोगशाळेतून सगळ्यात गाजलेला पेपर त्याचा, त्यामुळे बाईंचं त्याच्यापुढे काही चालत नाही. पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या संस्थेत प्राध्यापक म्हणून जाणार होता. त्यानं माझंही नाव ठेवलेलं आहे. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून जेलच्या दोन काचा फुटल्या, तेव्हापासून मी 'धांदल'.

"हातांचा प्रश्न आहे," लाडोबा म्हणाला. "माझ्या वेळी चौथ्या लेनमध्ये पट्टी स्वच्छ आली होती."

माझं डोकंच फिरलं. पण बोलले नाही, कारण त्याचं छापलेलं चित्र बाईंच्या भिंतीवर फ्रेममध्ये टांगलेलं होतं आणि त्यात चौथ्या लेनमधली पट्टी खरंच स्वच्छ होती.

प्रकार असा असतो. डीएनएचा एक छोटा तुकडा घ्यायचा आणि त्याला चकाकणारा रंग जोडायचा. याला आम्ही प्रोब म्हणतो. दोन काचांमध्ये गोठवलेली पातळ, लिबलिबीत चादर म्हणजे जेल. त्यातून हा प्रोब विजेच्या जोरावर खाली पळवायचा. एकटा असला की सुळकन तळाला जातो. प्रथिनानं त्याला धरून ठेवलं असेल तर ओझं वाढतं आणि तो वरच रेंगाळतो. स्कॅनरमध्ये वर एक पट्टी दिसते. जेलमधल्या शेजारशेजारच्या उभ्या वाटा म्हणजे लेन. पहिल्या लेनमध्ये नुसता प्रोब, पट्टी नाही. दुसरीत प्रोब आणि प्रथिन, पट्टी आहे. इथवर कुणीही पोचतं.

पण प्रथिनाला डीएनए दिसला की ते कुठंही हात टाकू शकतं. म्हणून पुढच्या दोन लेन. तिसरीत प्रथिनाला आधी तोच डीएनए द्यायचा, बिनरंगाचा आणि शंभरपट. प्रथिन त्यातच गुंतून जातं, मागून आलेल्या रंगीत प्रोबला कुणी विचारत नाही, पट्टी जाते. चौथीत पण शंभरपट बिनरंगाचाच, मात्र प्रथिन बसतं त्या जागेची ए, टी, जी, सी ही अक्षरं बदललेला. प्रथिनानं त्याच्याकडे ढुंकूनही बघता कामा नये. पट्टी जशीच्या तशी राहायला हवी.

माझी पट्टी चौथ्या लेनमधून गेली होती. याचा अर्थ माझं प्रथिन अक्षरं वाचतच नव्हतं, दिसेल तो डीएनए मिठीत घेत होतं. लाडोबानं अख्ख्या प्रथिनावर काम केलं होतं आणि त्याचा नेमका कुठला भाग डीएनए धरतो ते मी शोधत होते. माझा अख्खा प्रबंध त्या एका भागावर उभा होता.

"पुढच्या आठवड्यात शुक्रवारी दुपारी तुझ्या प्रबंधाची समिती आहे," बाई म्हणाल्या. "तोपर्यंत चौथी लेन नीट आली तर ठीक. नाहीतर पीएचडी विसर, मी तुला एम.फिल. देऊन मोकळी होते."

पाच वर्षं, आणि हातात एम.फिल.! घरी आई शेजारणींना आत्ताच 'आमची डॉक्टर' म्हणायला लागली होती.

पुढचे तीन दिवस मी थंड खोलीत काढले. आमची जेलं तिथंच चालतात, चार अंशावर, कारण उष्णता वाढली की प्रथिनाची पकड सुटते. स्वेटर, कानटोपी आणि नाकाला पाणी. प्रथिन कमी केलं, मीठ वाढवलं, उगाच चिकटणाऱ्यांना गुंतवून ठेवायला जो भरतीचा डीएनए घालतात तो दुप्पट घातला. दुसरी लेन झकास, तिसरी झकास आणि चौथीत ठणठणगोपाळ.

चूक मोजमापात असण्याची शक्यताच नव्हती. आमच्याकडे शिस्त कडक आहे. बिनरंगाचा डीएनए एकेका जेलपुरता छोट्या ट्यूबमध्ये भरून ठेवायचा, झाकणाभोवती मेणपट्टी गुंडाळायची, वर जेलची तारीख आणि लेनचा आकडा लिहायचा. त्या दिवशी तीच ट्यूब उघडायची आणि वापरून झाली की फेकायची. ही पद्धत लाडोबाची. तेवढी एक गोष्ट त्यानं बरी केली.

"अजून आहेस?" गुरुवारी तो दार उघडून म्हणाला. "धांदल, काही लोकांना हे जमत नाही. त्यात लाज नाही."

"दार लाव. थंडी बाहेर चाललीय."

"मी हेच तीनदा केलं होतं. तिन्ही वेळा आलं."

"तू केलंस? मिश्रणं कोणी बनवली होती रे तुझ्या त्या फ्रेममधल्या जेलची? माझा पहिला महिना होता. तू फोनवर गप्पा हाणत होतास आणि मी बर्फात हात घालून एकेक थेंब मोजत होते. आभारात तरी नाव टाकलंस का माझं?"

"मिश्रण बनवायला काय, कुणीही बनवतं," असं म्हणून तो गेला आणि दार उघडंच टाकून गेला.

हे मी चार वर्षं मनात धरून बसले होते, खोटं कशाला बोलू? त्या फ्रेमखालून जाताना दर वेळी माझा जळफळाट व्हायचा. ते चित्र निम्मं माझ्या हातचं होतं आणि कौतुक सगळं त्याचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. समितीला अजून आठवडा होता. आई शिवणकाम करते. फोन खांद्यात अडकवून मशीन चालवायची तिची सवय आहे.

"झालं का गं तुझं ते पट्टीचं?"

"नाही झालं. सारखं तेच चुकतंय."

"मग उसव की. मी काय करते, एकच बाही तीनदा बिघडली की हाताला दोष देत नाही, कागदी कापच काढून बघते. कापच चुकला असेल तर शिवणारी काय करणार?"

"आई, हे बाहीसारखं नसतं."

"नसेल बाई. तुम्ही शिकलेल्या."

मी वैतागून फोन ठेवला. पण म्हटलं ठीक, उसवून बघू. बदललेला डीएनए नव्यानं मागवायचा ठरवलं, निदान जुना साठा खराब झाला म्हणता आलं असतं. डीएनए बनवून देणारी कंपनी अर्जात दोन्ही साखळ्या वेगळ्या मागते. वरची सरळ लिहायची. खालची म्हणजे तिची जोडीदारीण, ए समोर टी, जी समोर सी, आणि ती लिहायची उलट्या टोकाकडून. लाडोबाच्या पेपरात फक्त वरचीच साखळी छापली होती. चार वर्षं सगळे तीच बघत आलो होतो.

मूळ जागा होती: टी जी ए सी सी टी सी ए. लाडोबानं मधले दोन सी काढून तिथं दोन जी घातले होते: टी जी ए जी जी टी सी ए. आता याची खालची साखळी उलट्या टोकाकडून लिहायची. मी बोटानं एकेक अक्षर मोजत लिहीत गेले. टी. जी. ए. सी. सी. टी. सी. ए.

"अगं बाई!"

शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं मान वर केली. मी पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिलं. मूळ जागा खालच्या साखळीवर जशीच्या तशी बसलेली होती. लाडोबानं जागा मोडलीच नव्हती, फक्त उलटी करून ठेवली होती. आणि प्रथिनाला उलट-सुलट काय कळतंय? ते आपलं कोलांटी घेऊन बसतं. माझं प्रथिन अक्षरं वाचत होतं, अगदी चोख वाचत होतं. आमच्यापेक्षा चांगलं वाचत होतं.

मी नवा तुकडा आखला. चार अक्षरं बदलली, दोन्ही साखळ्या वरून-खालून तपासल्या आणि पाठवला अर्ज. बुधवारी तुकडे आले. त्याच दिवशी जेल चालवलं. तिसरी लेन: मूळ डीएनए, पट्टी गेली. चौथी: लाडोबाचा बदललेला, पट्टी गेली. पाचवी: माझा बदललेला, पट्टी ठाम! शिवाय दोन्ही बदललेले तुकडे रंग लावून, प्रथिनासोबत प्रोब म्हणूनही चालवले. माझा सुळकन तळाला गेला. लाडोबाचा प्रथिनाला लटकून वर अडकला. यापेक्षा साफ काय हवं?

स्कॅनरपुढे मी अक्षरशः नाचले. आनंद पीएचडी वाचल्याचा होताच, पण त्याहून मोठा आनंद दुसराच होता. कारण आता प्रश्न सरळ होता. लाडोबाचा तुकडा प्रथिनाला पकडतोच, तर मग फ्रेममधल्या चौथ्या लेनमध्ये पट्टी राहिली कशी? राहूच शकत नाही. म्हणजे गड्यानं कॉम्प्युटरवर शेजारची पट्टी उचलून चिकटवली. खोटारडा! आणि मला हात शिकवतो!

बाईंनी माझं जेल पाहिलं. मग भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं.

"खात्री आहे?"

"अक्षरं तुम्हीच लिहून बघा."

त्यांनी पेन घेतलं, लिहिलं आणि चष्मा काढून ठेवला. "शुक्रवारी सकाळी दोघांनी माझ्या खोलीत यायचं. त्या जेलचं जे जे शिल्लक असेल ते शोधून आण. त्यानं खोटं चित्र बनवलं असेल तर त्याच्या नव्या संस्थेला मी स्वतः कळवणार."

गुरुवारी मी तळघरातल्या जुन्या फ्रीजरवर तुटून पडले. आत हिमाचे थर. लाडोबाचा निळा डबा तळाशी होता आणि तो मी पेचकसानं खरवडून काढला. त्याला एका फटक्यात गाडणारं काहीतरी मला हवं होतं. फ्रेममधल्या जेलच्या तारखेच्या ट्यूबा शोधल्या. तिसऱ्या लेनची नव्हती, म्हणजे वापरून फेकलेली. बरोबर.

चौथ्या लेनची होती.

मेणपट्टी झाकणाभोवती तशीच. उजेडात धरली. भरलेली. त्या दिवशी ती कुणी उघडलीच नव्हती. आणि झाकणावर तारीख आणि आकडा ज्या अक्षरात होता, ते चारचं खालून वळवलेलं शेपूट मला शाळेपासून बदलता आलेलं नाही.

मी तिथंच उलट्या बादलीवर बसले. आठवायला काही फार लागलं नाही. ती दुपार, बर्फाचा डबा, लाडोबा फोनवर. पहिल्या दोन लेनमध्ये बिनरंगाचा डीएनए नसतो, त्याच्या जागी तेवढंच पाणी घालायचं, म्हणजे सगळ्यांची पातळी सारखी होते. पाणी, पाणी, डीएनए. आणि मग हातात पाण्याचीच ट्यूब होती. चौथीत पाणी. पातळी सारखी दिसली, मी पुढं सरकले. चौथी लेन म्हणजे दुसरीच लेन पुन्हा! पट्टी राहणार नाही तर काय होणार?

निम्मं माझ्या हातचं, म्हणत होते मी चार वर्षं.

खरं सांगते, पहिला विचार आला तो ट्यूब संडासात ओतायचा. कुणाला कळणार होतं? चौथी लेन त्याच्या नावावर होती, त्याचीच राहिली असती. माझी पीएचडी दुपारच्या समितीत पास, तो बाहेर. दार उघडं टाकून जाणाऱ्या माणसासाठी मी का मरू? रात्रभर ट्यूब बर्फात आणि मी निखाऱ्यावर. सकाळी आईला फोन केला आणि काहीच न सांगता ठेवला.

बाईंच्या खोलीत लाडोबाचा चेहरा उतरलेला होता. अक्षरं त्याच्यापुढे लिहून ठेवली होती.

"खोटं चित्र बनवलंस?" बाईंनी विचारलं.

"नाही. जेल खरं आहे."

"मग ही पट्टी कुठून आली?"

त्यानं कागद ओढून अक्षरं पुन्हा एकदा बोटानं मोजली. कपाळावर घाम. असा मी त्याला कधी बघितला नव्हता आणि हे बघायला मी चार वर्षं थांबले होते. फक्त गप्प बसायचं होतं मला. तेवढंच.

मी बर्फाचा डबा टेबलावर ठेवला आणि ट्यूब काढली.

"चौथ्या लेनमध्ये हे जायला हवं होतं. मी घातलंच नाही. पाणी घातलं. अक्षर माझं आहे."

आधी कुणाला कळलंच नाही. मग लाडोबा उठला. ट्यूब हातात घेतली, मेणपट्टीवरून अंगठा फिरवला.

"तू?" त्यानं ट्यूब माझ्यासमोर धरली. "नंतरच्या दोन जेलमध्ये पट्टी गेली होती. दोन्ही मी एकट्यानं केलेली. मला वाटलं माझेच हात... मी तुझं जेल खरं धरलं! तुझं! माझी दोन चुकीची ठरवली!"

"आणि छापताना 'तीनदा केलं' लिहिलंस," बाई म्हणाल्या.

"हो."

"दोन वेळा उलटं आलं ते दडवून ठेवलंस."

"हो."

"आणि मला 'हातांचा प्रश्न' म्हणालास," मी म्हणाले. मला राहवलं नाही. "तुला माहीत होतं चौथी लेन जाते ते!"

"तुझी पण गेली तेव्हा मला भीती वाटली," तो माझ्यावरच ओरडला. "समजलं? भीती! गाढव कुठली! एक ट्यूब उघडायची होती तुला!"

"गाढव कोणाला म्हणतोस? तपासायचं काम कोणाचं होतं?"

"गप्प!" बाईंनी टेबलावर हात मारला. मग खुर्चीवर चढून त्यांनी स्वतः भिंतीवरची फ्रेम काढली. मागं भिंतीवर तेवढाच पांढरा चौकोन राहिला. "त्या पेपरवर सही माझी पण आहे. दोन नाही, तीन गाढवं."

समितीपुढे मी सगळं सांगितलं, पाण्यासकट. त्यांनी आम्हाला दोन तास सोललं. माझा प्रबंध त्या दिवशी पास झाला नाही. एम.फिल.वरही बोळवण केली नाही. सहा महिने दिले: पेपर छापणाऱ्या मासिकाला चूक कळवायची आणि त्यासोबत नवं चित्र, तीन वेगळ्या जेलांचं, दोघांनी एकमेकांसमोर केलेलं. लाडोबाच्या नव्या संस्थेला त्यानंच पत्र लिहायचं असं ठरलं. संस्थेनं त्याचं रुजू होणं पुढं ढकललंय. घेतील की नाही, कळवलेलं नाही.

सोमवारी थंड खोलीत आम्ही दोघं. तो कानटोपी विसरला होता, माझ्याकडे जास्तीची होती, मी दिली नाही. बर्फात ट्यूबा ओळीनं लावल्या.

"पहिली," तो म्हणाला. "मोठ्यानं बोल."

"पाणी."

"दुसरी?"

"पाणी."

"तिसरी?"

"मूळ, बिनरंगाचा." रिकामी ट्यूब त्यानं हातातून घेतली, उजेडात धरली आणि वहीत खूण केली.

"चौथी?"

माझा हात थांबला. मी मेणपट्टी सोडली, झाकण उघडलं आणि ट्यूब त्याच्या नाकासमोर धरली. "बदललेला. माझा. दोन्ही बाजूंनी वाचलेला. दिसतंय?"

"दिसतंय. घाल."

मी घातला. रिकामी ट्यूब त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं बघितली, पुन्हा बघितली, खूण केली. मग पेन वहीवर तसंच धरून उभा राहिला.

"कितवं जेल लिहू?"

"पहिलं," मी म्हणाले. "पहिलं लिही. आणि दार लाव."